चरबीत उमटलेल्या रेघा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पोटाच्या सीटी रिपोर्टमध्ये ‘सिग्मॉइड कोलनमध्ये अनेक डायव्हर्टिक्युला’ असे वाक्य आले की घरच्यांना दुखण्याचे कारण सापडल्यासारखे वाटते. पोट डावीकडे खाली दुखते आहे, सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भागही तिथेच असतो, आणि तिथे काहीतरी असल्याचे यंत्राने दाखवले आहे. मग आणखी काय हवे? पण या वाक्याने जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. डायव्हर्टिक्युला म्हणजे आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पिशव्या. उतारवयात त्या इतक्या लोकांमध्ये असतात आणि इतक्या निमूटपणे असतात, की दुखऱ्या पोटात त्या सापडणे हा अनेकदा निव्वळ योगायोग ठरतो. त्या पिशव्यांपैकी एखादी खरोखर सुजली आहे का, म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस झाला आहे का, हे ठरते शेजारच्या चरबीवरून. सीटी वाचणाऱ्याची नजर पिशवीवर कमी आणि तिच्या भोवतालावर जास्त असावी लागते. वय जितके जास्त, तितका हा नियम अधिक काटेकोरपणे पाळायला हवा, असे मला वाटते.

या पिशव्या कुठून येतात ते कळले की हे म्हणणे पटायला सोपे जाईल. मोठ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या स्नायूचा थर भेदून आत शिरतात, आणि जिथे त्या शिरतात तिथे भिंत थोडी कमकुवत असते. आतला दाब वाढला की आतले अस्तर नेमके याच फटींतून बाहेर ढकलले जाते. सिग्मॉइड हा आतड्याचा अरुंद भाग. स्नायू आवळले की त्याचे छोटे बंद कप्पे होतात आणि कप्प्यातला दाब बराच चढतो, म्हणून पिशव्यांची गर्दी तिथे. एकेक पिशवी साधारण अर्ध्या ते एक सेंटिमीटरची असते. पाश्चात्त्य देशांत साठीनंतर जवळपास निम्म्या लोकांत त्या सापडतात, आणि त्यातल्या फार थोड्यांना, नव्या मोजणीनुसार शंभरातल्या चार-पाच जणांना, आयुष्यात कधीतरी सुजेचा त्रास होतो. भारतात पिशव्यांचे प्रमाण याहून कमी आहे. पूर्व आशियात तर त्या बऱ्याचदा उजव्या बाजूला असतात, त्यामुळे तिथे हा आजार अपेंडिक्सच्या सुजेचे सोंग घेतो. या पिशवीच्या भिंतीत स्नायूचा थर जवळपास नसतोच, आणि पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे. अस्तर आणि त्याखालचा पातळ पदर, एवढीच ती भिंत. तिला इजा झाली, सूक्ष्म भोक पडले, की जंतू आणि दाह थेट बाहेरच्या चरबीत उतरतात. आतड्याची मूळ भिंत सुजते ती त्या मानाने बेताचीच.

सीटीवर ही चरबी कशी दिसते? गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. शरीराच्या प्रत्येक बिंदूला घनतेचा एक आकडा देण्याची त्यांच्या नावाची पद्धत आजही तीच आहे. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, स्नायूला साधारण ४० ते ६०, आणि चरबीला उणे १००च्या आसपास. म्हणून निरोगी चरबी पडद्यावर एकसारखी गडद दिसते. तिच्यात दाह उतरला की पाणी झिरपते, पेशी जमतात, बारीक वाहिन्या फुगतात. आकडा उणे १०० वरून शून्याकडे सरकतो आणि गडद पार्श्वभूमीवर फिकट रेघा उमटतात. खडूने लिहिलेली पाटी ओल्या फडक्याने घाईत पुसल्यावर जसे ओरखडे राहतात, तशा. रिपोर्टमध्ये याला फॅट स्ट्रँडिंग म्हणतात. १९८४ साली न्यूयॉर्कच्या रेडिऑलॉजिस्टांनी डायव्हर्टिक्युलायटिसच्या ४३ रुग्णांचे सीटी तपासून जे लिहिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. चरबीतला दाह ९८ टक्क्यांत दिसला, पिशव्या ८४ टक्क्यांत, आणि आतड्याची जाड झालेली भिंत ७० टक्क्यांत. ज्या पिशव्यांवरून आजाराला नाव मिळाले, त्या खुद्द आजाराच्या रुग्णांतही चरबीपेक्षा कमी वेळा दिसल्या! त्याआधी या आजारासाठी बेरियम एनिमा देऊन एक्स-रे काढत. त्यात आतड्याची फक्त पोकळी दिसे. आजार मात्र भिंतीबाहेर घडत होता.

एक प्रसंग कल्पून तो पायरीपायरीने पाहू. ७४ वर्षांची एक बाई. तीन दिवसांपासून डाव्या बाजूला खाली दुखते आहे, शौचाला नीट होत नाही, भूक नाही. मधुमेह आहे, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या अधूनमधून चालू असतात. ताप ९९.४, पांढऱ्या पेशी १०,८००. पोट दाबल्यावर डावीकडे दुखते, पण ते कडक झालेले नाही. तिशीतल्या माणसाबद्दल हेच सांगितले असते तर ‘फार काही नसावे’ म्हणता आले असते. या वयात तसे म्हणता येत नाही. म्हातारपणी शरीर दाहाला क्षीण प्रतिसाद देते. पोटात पू असतानाही ताप नसणे, पेशी न वाढणे, पोटाचे स्नायू ताठ न होणे हे नेहमीचे आहे. वेदनाशामक गोळ्यांनी उरलीसुरली खूणही पुसली जाते, आणि याच गोळ्या पिशवी फुटण्याचा धोका वाढवतात. स्टेरॉइड चालू असेल तर दोन्ही गोष्टी आणखी तीव्र. सीआरपी मात्र लिटरला १४० मिलिग्रॅम आला आहे, म्हणजे दाह कुठेतरी नक्की आहे. क्रिएटिनिन १.१, वयाचा हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ५२ मिलिलिटर. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायला हरकत नाही. औषध टोचल्यावर साधारण ७० सेकंदांनी चित्रे घेतात. तोवर ते आतड्याच्या भिंतीत आणि पोटातल्या शिरांत पोहोचलेले असते.

आता चित्रे. जाणता रेडिऑलॉजिस्ट सिग्मॉइडकडे सगळ्यात शेवटी जातो, निदान जावे असे माझे मत आहे. आधी महाधमनी. म्हाताऱ्या माणसाच्या डाव्या कुशीतले दुखणे कधीकधी फुगलेल्या, झिरपू लागलेल्या महाधमनीचे असते, आणि ते मुतखडा किंवा डायव्हर्टिक्युलायटिस समजून घरी पाठवल्याच्या दुर्दैवी कहाण्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापल्या जात आहेत. आपल्या रुग्णाची धमनी २ सेंटिमीटरच्या आसपास, काठावर चुना साचलेला, पण फुगलेली नाही. डाव्या मूत्रवाहिनीत खडा नाही. आतड्याला रक्त नेणाऱ्या धमन्यांत औषध भरलेले आहे. मग उतरत्या आतड्याच्या कडेने खाली. सिग्मॉइडवर जागोजाग पिशव्या, बहुतेक शांत, भोवती स्वच्छ गडद चरबी. एका ठिकाणी मात्र सहाएक सेंटिमीटर लांबीत भिंत ७ मिलिमीटर जाड आहे आणि तिच्यामागची चरबी रेघारेघांनी माखली आहे. सिग्मॉइडला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या मुळाशी पाण्याची एक वाकडी, स्वल्पविरामासारखी पट्टी साचली आहे. चरबीतली गडबड भिंतीच्या जाडीच्या मानाने कितीतरी जास्त आहे, आणि या विषमतेमुळेच निदान पक्के होते. रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्यात किंवा जंतुसंसर्गाच्या जुलाबांत भिंत खूप जाडते, चरबी त्या मानाने शांत राहते. इथे उलटे आहे, कारण मूळ इजा स्नायू नसलेल्या पिशवीत झाली आणि बाहेरच सांडली.

काम इथे संपत नाही. नेहमीच्या विंडोत, म्हणजे पडद्यावरच्या नेहमीच्या छटांत, हवा आणि चरबी दोन्ही काळी दिसतात, त्यामुळे चरबीत निसटलेला हवेचा बुडबुडा नजरेतून सुटतो. फुप्फुसांसाठी वापरतात ती विंडो लावली की चरबी राखाडी होते आणि हवा काळीकुट्ट राहते. तशी ती लावल्यावर आपल्या रुग्णात जाडलेल्या भिंतीलगत दोन-तीन बारीक बुडबुडे दिसतात. पण पिशव्यांतही हवा असतेच, मग हे बुडबुडे आत की बाहेर? त्यासाठी एकेक चकती वरखाली सरकवत बघायचे: बुडबुड्याला भिंत आहे का, अरुंद मानेने तो आतड्याच्या पोकळीला जोडलेला आहे का. पुढून आणि बाजूने बांधलेल्या चित्रांत हे जास्त स्पष्ट होते. इथे मान सापडत नाही. बुडबुडे मोकळ्या चरबीत आहेत. पुवाचे गळू नाही, यकृताखाली किंवा पोटाच्या पुढच्या भागात मोकळी हवा नाही, मूत्राशयात हवा नाही. मूत्राशयातल्या हवेकडे मुद्दाम बघावे लागते, कारण नळी घातलेली नसताना ती दिसली तर आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट पडल्याची शंका येते. तेव्हा निदान असे: डायव्हर्टिक्युलायटिस आहे, बारीक छिद्र झाले आहे, पण ते जागच्या जागी आवरले गेले आहे. १९७८ साली माँट्रियलचे सर्जन हिंची यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसणाऱ्या अवस्थांवरून चार पायऱ्या मांडल्या होत्या. पुढे सीटीवरून त्यात बदल करणाऱ्या वर्गवाऱ्या आल्या. त्यांपैकी आपत्कालीन शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या एका वर्गवारीत पाच सेंटिमीटरच्या आतले असे बुडबुडे गुंतागुंतीच्या पहिल्या पायरीवर येतात. या बाईंना दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यायचे, पोट पुन्हापुन्हा तपासायचे, ऑपरेशन नाही. चार सेंटिमीटरपेक्षा मोठे गळू असते तर त्यात नळी घालून पू काढायचा विचार झाला असता. हवा आणि पू पोटभर पसरले असते तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत व्यवहारी: डाव्या बाजूला दुखते, वय झालेले, मग अँटिबायोटिक देऊन दोन दिवस वाट का पाहू नये? सीटीचा खर्च वाचेल. यात गृहीत धरले आहे की हाताने तपासून निदान बहुधा बरोबर येते. तसे ते येत नाही. केवळ लक्षणांवरून केलेले डायव्हर्टिक्युलायटिसचे निदान खूपदा चुकते. सीटीची अचूकता मात्र दोन्ही बाजूंनी पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास आहे. आणि चुकलेल्या निदानांत किरकोळ आजार असतात तसे भयंकरही असतात. किरकोळ म्हणजे आतड्यावर लोंबणाऱ्या चरबीच्या झुपक्याला पीळ पडणे. सीटीवर दोन-तीन सेंटिमीटरचा चरबीचा लंबगोल, भोवती पांढरी कड, मधे एखादा ठिपका. हे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होते, अँटिबायोटिक लागत नाही. भयंकर म्हणजे फुटू घातलेली महाधमनी, किंवा वाळून दगड झालेल्या मळाच्या दाबाने कुजू लागलेले आतडे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत ही मळाची तऱ्हा दिसते, आणि ‘साधा बद्धकोष्ठ’ म्हणून एनिमा दिला तर अनर्थ होऊ शकतो. आपल्याकडे हा आजार कमी आहे, मग एवढे कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आजार दुर्मीळ असेल तर अंदाजाने केलेले निदान चुकण्याची शक्यता वाढतेच. म्हणजे हा आक्षेप उलट सीटीच्याच बाजूने जातो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: सोनोग्राफी स्वस्त आहे, किरण नाहीत, कॉन्ट्रास्ट नाही आणि तालुक्याच्या गावीही असते. हे खरे आहे. सराईत हातात प्रोब हळूहळू दाबत नेला तर जाडलेली भिंत आणि भोवतीची सुजलेली, पांढुरकी, दबत नाही अशी चरबी सोनोग्राफीतही दिसते. तिथेही साक्ष चरबीचीच. तरुण, सडपातळ रुग्णात तिने सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. पण ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. म्हाताऱ्या माणसाचे पोट बऱ्याचदा वायूने फुगलेले असते, सिग्मॉइड ओटीपोटात खोल बसलेला असतो, आणि आतड्याच्या मागच्या बाजूचे छिद्र किंवा लहान गळू तिथेच लपते. सोनोग्राफीत काही दिसले तर त्यावर विश्वास ठेवावा; दिसले नाही म्हणून काही नाही असे मानू नये, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. किरणांची भीतीही या वयात मोजून घ्यायला हवी. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतात तितके. त्यामुळे कर्करोग व्हायचा झाला तर त्याला एक-दोन दशके लागतात. चुकलेल्या निदानाचा धोका आठवड्याभरात समोर येतो. मूत्रपिंडाबद्दल मात्र सावधगिरी रास्त आहे: गाळण्याची क्षमता ३०च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय सीटी करता येते. चरबीतल्या रेघा आणि निसटलेली हवा तेव्हाही दिसतात, गळू आणि रक्तवाहिन्या मात्र पुसट होतात.

चरबीच्या साक्षीला एक मर्यादा आहे, ती सांगितलीच पाहिजे. साक्ष द्यायला चरबी असावी लागते. हाडांचा सापळा उरलेल्या अशक्त वृद्धाच्या पोटात आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटून असतात. रेघा उमटायला मोकळी जागाच नसते. अशा वेळी भिंतीची जाडी, साचलेले पाणी आणि हवा यांवरच भागवावे लागते, आणि निदानाचा आत्मविश्वास त्या प्रमाणात कमी ठेवावा लागतो. दुसरीकडे, हृदय किंवा यकृताच्या आजाराने अंगभर पाणी भरलेल्या रुग्णाची चरबी सगळीकडेच धूसर असते. तिथे सिग्मॉइडजवळची रेघ वेगळी अशी ओळखू येत नाही.

आणखी एक आक्षेप उपचारांवरच्या संशोधनातून निघतो. स्वीडन आणि आइसलँडमध्ये ६२३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गळू किंवा छिद्र नसलेल्या साध्या डायव्हर्टिक्युलायटिसमध्ये अँटिबायोटिक दिले काय, न दिले काय, बरे होण्यात फरक पडला नाही. नंतर नेदरलँड्समध्ये ५२८ रुग्णांवरही तसेच आढळले. यावरून कोणी म्हणेल की औषधानेही फरक पडत नसेल तर सीटी कशाला? पण या अभ्यासांत सीटी करून साधा आजार नक्की झालेल्यांनाच घेतले होते. अँटिबायोटिक थांबवण्याची मुभा सीटीनेच मिळवून दिली. शिवाय त्यांतल्या रुग्णांचे सरासरी वय साठीच्या अलीकडचे होते आणि प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण वगळले होते. आपल्या ७४ वर्षांच्या, मधुमेही, बुडबुडे दिसलेल्या रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

उत्तम काढलेला, उत्तम वाचलेला सीटीही एका प्रश्नावर अडतो: या सुजेआड कर्करोग तर नाही? काही खुणा आहेत. कर्करोगाची गाठ बहुधा आखूड असते, पाच सेंटिमीटरच्या आत, आणि तिची टोके एकदम खांद्यासारखी उठतात; शेजारी लसिकाग्रंथी वाढलेल्या असतात, चरबी त्या मानाने कमी बिघडलेली. सूज लांबवर पसरते, टोकांकडे हळूहळू निवळत जाते. आपल्या रुग्णातले सहा सेंटिमीटर या दोहोंच्या सीमेवर येतात. सुजलेली भिंत आणि गाठ यांची घनता सारखीच असल्याने चित्रावरून शंभर टक्के निवाडा होत नाही. साध्या आजाराचे निदान झालेल्यांत पुढे कर्करोग सापडण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. गळू किंवा छिद्र असलेल्यांत ते शंभरात आठ ते अकरापर्यंत जाते. म्हणून सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करतात. त्याआधी नाही, कारण हवा भरून आतडे फुगवताना नुकतेच बुजलेले छिद्र पुन्हा उघडू शकते. या बाईंच्या कागदावर ती तारीख घरी सोडतानाच लिहून द्यायला हवी, कारण दुखणे थांबल्यावर आतडे साफ करणारे औषध पिण्यासाठी आपणहून परत येणारे रुग्ण कमीच. आणि ४८ ते ७२ तासांत दुखणे उतरले नाही किंवा ताप चढला, तर पुन्हा सीटी. त्या वेळी शोधायचे ते पहिल्या चित्रांत नसलेले गळू.